शंभर दाणे, दहा स्लाइड

उन्हाळा संपत आला की सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासावी, हे सांगणारा मजकूर सगळीकडे फिरू लागतो. तो साधारणपणे असा असतो : गोणपाटाचे चौकोनी तुकडे स्वच्छ धुऊन ओले करावेत, पोत्यात खोलवर हात घालून वेगवेगळ्या ठिकाणचे शंभर दाणे काढावेत, ते एका तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत दीड-दोन सेंटिमीटर अंतराने मांडावेत, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करावी, ती सावलीत थंड जागी ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावे, सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत आणि ती संख्या सत्तरपेक्षा कमी भरल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे.

यात चूक काहीही नाही. कागदावर छापलेला हा मजकूर भिंतीला लावला, तर माणूस त्यावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचू शकतो. मात्र हाच परिच्छेद मोबाइलच्या पडद्यावर आला, की तो वाचून पुढे ढकलला जातो आणि प्रत्यक्ष दाणे काढायच्या वेळी लक्षात उरतं ते एवढंच, की ओल्या गोणपाटात काहीतरी शंभर दाणे ठेवायचे असतात. म्हणून आता अशी माहिती कॅरोसेलच्या रूपात द्यायची पद्धत पडली आहे. कॅरोसेल म्हणजे एकाच पोस्टमध्ये एकामागे एक ठेवलेल्या चित्रांची माळ. वाचक बोटाने सरकवत ती पाहतो. इन्स्टाग्रामने ही सोय २०१७च्या फेब्रुवारीत सुरू केली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं बसत. २०२४मध्ये ती मर्यादा वीसवर गेली.

बहुतेक जण इथे एक सरळ मार्ग धरतात. परिच्छेदातल्या वाक्यांचे आठ-दहा तुकडे करतात, प्रत्येक तुकडा एका रंगीत चौकटीत बसवतात आणि शेवटच्या चौकटीत ‘धन्यवाद, आम्हाला फॉलो करा’ असं लिहितात. दिसायला ती माळ छान दिसते, पण ती पाहून चाचणी लावायला बसलेला माणूस मध्येच अडतो. असं का होतं आणि ते टाळायचं कसं, हे या एकाच उदाहरणावरून नीट पाहू.

आधी विषय समजून घ्यायला हवा, कारण स्लाइड कुठे तोडायची हे विषयच सांगतो. सोयाबीन हे स्वपरागीभवन होणारं पीक आहे. त्यामुळे प्रमाणित बियाण्यापासून आलेलं सरळ वाणाचं सोयाबीन पुढची एक-दोन वर्षं घरचं बियाणं म्हणून वापरता येतं. मात्र या दाण्याचं टरफल पातळ असतं आणि अंकुर त्याच्या अगदी लगेच खाली असतो. मळणी यंत्राचा वेग जास्त असला, पोतं उंचावरून आपटलं, थप्पी उंच लागली, तर अंकुर दुखावतो आणि दाणा बाहेरून चांगलाच दिसत राहतो. २०२०च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अशा तक्रारीला पेरणीआधी उत्तर देण्याचं साधन म्हणजे ही चाचणी. ती मोफत आहे, घरी होते, फक्त तिला आठवडा लागतो. हा आठवडा लक्षात ठेवा. शेवटच्या स्लाइडचा सगळा हिशोब त्याच्याशी बांधलेला आहे.

पटकथा लिहायला बसलं की पहिला निर्णय काय टाकायचं याचा नसतो, काय गाळायचं याचा असतो. माहितीपत्रकात उगवणक्षमता तपासण्याच्या दोन-तीन रीती एकत्र दिलेल्या असतात. एक गोणपाटाची, दुसरी वर्तमानपत्राच्या ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांची आणि कधी बी पाण्यात भिजवून पाहण्याची. पत्रकात ते चालतं. माळेत दोन रीती आल्या, की पाचव्या स्लाइडवरच्या वाचकाला कळेनासं होतं, की हे गोणपाटाचं चाललंय की कागदाचं. मी गोणपाट निवडतो, कारण सोयाबीनवाल्या घरात ते असतंच आणि शंभरही दाणे एका नजरेत मोजता येतात. कागदाची रीत चांगली आहे. तिची स्वतंत्र माळ करावी.

दुसरा निर्णय शेवटच्या स्लाइडचा. ती मी सगळ्यात आधी लिहितो. वाचक माळ संपवून मोबाइल खाली ठेवील त्या क्षणी त्याने काय करायला उठावं, हे ठरलेलं नसेल तर मधल्या स्लाइड कुठे चालल्या आहेत तेच कळत नाही. इथे मोह असा होतो, की शेवटी निकालाचा तक्ता द्यावा : इतके दाणे उगवले तर इतकं बियाणं. कृतीचा शेवट तोच असतो, हे खरं. पण वाचकाचा शेवट तो नाही. माळ पाहणाऱ्याच्या हातात आज आकडा नाही, तो सात दिवसांनी येणार आहे. आज त्याच्या हातात फक्त एक काम आहे. पोतं उघडून दाणे काढायचे. म्हणून तक्ता शेवटून दुसऱ्या जागी जातो आणि शेवटच्या स्लाइडवर हे येतं :

स्लाइड १० : आज एवढंच करा. बियाण्याचं पोतं उघडा, १०० दाणे काढा आणि चाचणी लावा. मे संपण्याआधी निकाल हातात हवा.

या स्लाइडवर आणखी काही नको. ‘शेअर करा, सेव्ह करा, प्रश्न विचारा, बीजप्रक्रियाही विसरू नका’ असं सगळं तिथे घातलं, की वाचकापुढे पाच कामं उभी राहतात आणि तो त्यातलं सगळ्यात सोपं निवडतो. म्हणजे पोस्ट पुढे पाठवतो आणि पोतं तसंच राहतं. मे महिन्याची अट मात्र ठेवायलाच हवी. पुरेसा पाऊस, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, झाल्यावर जूनमध्ये पेरणी होते. चाचणी नापास झाली तर दुसरं बियाणं शोधायला वेळ उरला पाहिजे. तारीख नसलेली सूचना माणूस उद्यावर टाकतो.

आता मधलं. एका स्लाइडवर एकच कल्पना असावी, हे सगळे सांगतात, पण एक कल्पना मोजायची कशी हे फारसं कुणी सांगत नाही. वाक्यं मोजून ते कळत नाही. मी मोजतो ते प्रश्न. काम करत असलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी कोणता प्रश्न उभा राहील? एका प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक स्लाइड. वरच्या परिच्छेदातलं ‘पोत्यात खोलवर हात घालून वेगवेगळ्या ठिकाणचे शंभर दाणे काढावेत, ते एका तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत’ हे घ्या. वाचताना ते एकच काम वाटतं. पण दाणे कुठून घ्यायचे हा एक प्रश्न आहे आणि कसे मांडायचे हा दुसरा, आणि दोन्हींच्या चुका वेगवेगळ्या आहेत.

दाणे काढतानाची चूक सगळ्यात महागात पडते. माणूस पोत्याच्या तोंडाशी बसतो आणि त्याचा हात आपोआप टपोऱ्या, स्वच्छ दाण्यांकडे जातो. असे निवडलेले शंभर दाणे ऐंशी-पंच्याऐंशी टक्के उगवतात, शेतात मात्र पोत्यातलं सगळं बियाणं पडतं आणि पीक विरळ येतं. ही चूक पुढच्या कुठल्याही पायरीवर दिसत नाही, कारण चाचणी तर उत्तम पार पडलेली असते. म्हणून या स्लाइडला पूर्ण जागा द्यायची :

स्लाइड ४ : दाणे निवडू नका. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ घ्या. एकत्र मिसळा. हाताला येतील तसे १०० मोजा.

आणि मग मांडणी :

स्लाइड ५ : ओल्या गोणपाटावर दहा ओळी, ओळीत दहा दाणे. दोन दाण्यांमध्ये बोटाच्या रुंदीएवढं अंतर.

मूळ मजकुरात दीड-दोन सेंटिमीटर होतं. पडद्यावर मी बोट लिहितो, कारण गोणपाटाजवळ बसलेल्या माणसापाशी पट्टी नसते. अंतर कशासाठी, हे इथे सांगत बसत नाही. चित्रात एक कुजलेला दाणा शेजारच्या दाण्याला चिकटलेला दाखवला, की ते कळतं.

उलटी चूकही होते. एका प्रश्नाचं उत्तर लांब असलं म्हणून त्याचे दोन तुकडे केले जातात. ‘वर दुसरा ओला तुकडा टाका’ ही एक स्लाइड, ‘गुंडाळी करा’ ही दुसरी, ‘सावलीत ठेवा’ ही तिसरी. या तिन्ही गोष्टी माणूस एका दमात करतो, मध्ये कुठे थांबत नाही, विचारत नाही. त्या एकाच स्लाइडवर बसतात :

स्लाइड ६ : वर दुसरा ओला तुकडा टाका, सैल गुंडाळी करा, सुतळीने बांधा. सावलीत, थंड जागी ठेवा.

याच्या पुढची पायरी मूळ परिच्छेदात तीन शब्दांत उरकली आहे : अधूनमधून पाणी शिंपडावे. वाचक खरा अडतो तो इथे. अधूनमधून म्हणजे कधी? किती? मेच्या उन्हात गोणपाट एका दिवसात वाळतं आणि अर्धवट फुगलेले दाणे तिथेच थांबतात. भीतीपोटी कुणी बादलीभर पाणी ओतलं, तर दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात. दोन्ही बाबतींत आकडा कमी येतो, दोष मात्र बियाण्याला लागतो आणि चांगलं बियाणं बाजारात विकलं जातं. लेखी सूचनेत जे तीन शब्द होते त्यांना माळेत अख्खी स्लाइड मिळते, ती यामुळे :

स्लाइड ७ : रोज हात लावून पाहा. गोणपाट कोरडं लागलं तर पाणी शिंपडा. पिळल्यावर पाणी गळत असेल तर जास्त झालं.

परिच्छेदात ज्या शब्दांवरून डोळा सरकून जातो, अशाच जागी अनेकदा खरी स्लाइड दडलेली असते. ‘योग्य प्रमाणात’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘चांगले’ असे शब्द आले, की त्यांच्याखाली रेघ ओढावी. लिहिणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट तिथे वाचकावर सोडलेली असते. ‘चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत’ यातला ‘चांगले’ही तसाच. नुसतं टरफल फुटून पांढरं टोक दिसलं तरी माणूस दाणा मोजतो. मोजायचा तो असा, ज्याचं मूळही धड आहे आणि वरचा कोंबही. मूळ खुंटलेलं, दलं मोडलेली, बुरशी धरलेली रोपं शेतात जमिनीवर येत नाहीत. इथे शब्दांपेक्षा चित्र जास्त काम करतं. डावीकडे मोजायचं रोप, उजवीकडे सोडायची तीन :

स्लाइड ८ : सातव्या दिवशी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तेच मोजा. कुजलेले, मोडके, खुंटलेले सोडा. १०० पैकी जेवढे उगवले तेवढे टक्के.

यात कदाचित कुणी म्हणेल, की टक्क्यांची ओळ ही वेगळी कल्पना झाली. मला तसं वाटत नाही. मोजून झाल्यावर हातात आलेला आकडा म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय मोजणं पुरं होत नाही.

आणि आता तक्ता. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान उगवणक्षमता ७० टक्के धरलेली आहे. तेवढी असेल तर नेहमीच्या पेरणीला एकरी ३० किलो बियाणं लागतं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं. हे गणित त्रैराशिकाचंच आहे : ६० टक्के उगवणाऱ्या बियाण्यातून तेवढीच रोपं मिळवायची तर ३५ किलो लागतात, म्हणजे दहा टक्क्यांना पाच किलो. साठच्याही खाली गेलं तर ते बियाणं पेरू नये. तक्त्यात तीन ओळी येतात, तरी कल्पना एकच आहे, कारण प्रश्न एक आहे. माझा आकडा हा, तर मी किती पेरू?

स्लाइड ९ : सोयाबीन, नेहमीची पेरणी, एकरी बियाणं. ७० किंवा जास्त उगवले : ३० किलो. ६० ते ६९ उगवले : ७० पेक्षा जितके कमी, तितके अर्धे किलो वाढवा (६४ उगवले तर ३३ किलो). ६० पेक्षा कमी : हे बियाणं पेरू नका.

‘सोयाबीन, नेहमीची पेरणी, एकरी’ हे शब्द वर पुन्हा का लिहिले? माळ नऊ स्लाइड सोयाबीनचंच बोलते आहे, वाचकाला ते माहीत आहे. पण ही स्लाइड माळेत राहत नाही. तिचा स्क्रीनशॉट निघतो आणि गावच्या व्हॉट्सॲप गटावर ती एकटीच जाते. तिथे ती हरभरेवाल्यालाही दिसते आणि हेक्टरात मोजणाऱ्यालाही. रुंद वरंबा-सरीवर पेरणाऱ्याला मुळातच कमी बियाणं लागतं, त्याला ३० किलो लागू नाही. आकडा असलेल्या प्रत्येक स्लाइडवर त्या आकड्याची अट त्याच स्लाइडवर लिहावी. ‘आधी सांगितलंच आहे’ हा आधार कॅरोसेलमध्ये चालत नाही.

सुरुवातीच्या तीन स्लाइड मी मुद्दाम मागे ठेवल्या, कारण त्या शेवटी लिहाव्या लागतात. पहिली काम सांगते आणि कुणासाठी ते सांगते :

स्लाइड १ : घरचं सोयाबीन पेरणार? आधी १०० दाण्यांची चाचणी घ्या.

दुसरीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कुणी पहिली स्लाइड पाहून पुढे गेला, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट त्याला नंतर पुन्हा दाखवताना कधीकधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणजे दुसरी स्लाइड ही दुसरं मुखपृष्ठ असते. तिथे ‘चला तर मग पाहूया’ किंवा ‘अनुक्रमणिका’ असेल, तर ती दुसरी संधी वाया गेली. माझी दुसरी स्लाइड पहिली न पाहिलेल्यालाही कळली पाहिजे :

स्लाइड २ : सोयाबीनचा दाणा चांगला दिसतो, पण उगवेलच असं नाही. टरफल पातळ असतं. मळणीत आणि हाताळणीत आतला अंकुर दुखावतो.

स्लाइड ३ : लागणारं सामान. गोणपाटाचे दोन स्वच्छ धुतलेले तुकडे, पाणी, सुतळी. खर्च नाही.

पटकथा कागदावर असतानाच तिची परीक्षा घ्यावी, चित्रं काढायला देण्याआधी. मी तिच्या दहा चिठ्ठ्या करतो, कधीही ही चाचणी न केलेल्या माणसाला एक-एक चिठ्ठी देतो आणि खरंच गोणपाट घेऊन बसवतो. तो जिथे मागच्या चिठ्ठीकडे हात नेईल, तिथे त्या स्लाइडवर काहीतरी कमी आहे. जिथे तो चिठ्ठी अर्धी वाचूनच कामाला लागतो, तिथे दोन कल्पना आहेत आणि दुसरी राहून जाते. तोंडी विचारलेल्या ‘कळलं का?’ ला सगळे होच म्हणतात, त्याचा काही उपयोग नाही. शब्दांचा माझा स्वतःपुरता नियम पंचवीस-तीसचा आहे, पण तक्त्याच्या आणि मोजणीच्या स्लाइडला तो मी मोडू देतो. अक्षरं मात्र लहान करत नाही. अक्षर लहान करावंसं वाटलं, की समजावं, कल्पना दोन झाल्या आहेत. मजकूर कडांपासून आत ठेवावा. उजव्या वरच्या कोपऱ्यात ॲप स्वतःचा ‘1/10’ असा आकडा दाखवतं, त्याखाली शब्द झाकले जातात.

जे दहा स्लाइडमध्ये बसलं नाही ते चित्रांखालच्या मजकुरात जातं. दोन वाण किंवा दोन ठिकाणचं बियाणं असेल तर दोन वेगळ्या चाचण्या लावाव्यात, बीजप्रक्रिया पेरणीच्या वेळी करावी, शंका आली तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारावं. तिथे २,२०० अक्षरांची जागा असते आणि ज्याला गरज आहे तो ते वाचतो. बियाण्याचे कायदे, नुकसानीची तक्रार कुठे करायची, हे त्याच खाली कोंबू नये. ते विषय मोठे आहेत आणि त्यात ‘असं असेल तर असं, नाहीतर तसं’ अशा फांद्या फुटतात. एका रांगेत पुढे सरकणाऱ्या माळेला एखादी फांदी पेलते, जशी नवव्या स्लाइडने पेलली. प्रत्येक पायरीवर वाट फुटत असेल तर तिथे साधा लेखच बरा.

एक काम पोस्ट टाकल्यानंतरही उरतं. हीच माळ जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा टाकायची असेल, तर नऊ स्लाइड तशाच राहतात, पण दहावी खोटी ठरते, कारण मे संपलेला असतो. तेव्हा ती बदलायची : आज चाचणी लावा. पाऊस आला तरी निकाल येईपर्यंत हे बियाणं पेरू नका. पेरण्या उरकल्यावर मात्र ही माळ पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवून द्यावी.